खोटे लिहिलेला कागद आणि खोटा कागद



बडोद्यात मराठी कुटुंबांचे जुने वाडे आणि घरे अजून बरीच आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांचे आता वाटे पडत आहेत. एक भाऊ इथे, दुसरा पुण्याला, बहीण अमेरिकेत, आणि घराच्या सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव, अशी स्थिती अनेक घरांत आहे. अशा घराची एका भावाने परस्पर विक्री केली की दुसरा भाऊ तावातावाने पोलीस ठाण्यात जातो आणि सांगतो, "यांनी खोटा दस्त केला, बनावट कागद केले, यांना अटक करा." तक्रारीत चार-पाच जबर कलमे घातली जातात. दोन-तीन वर्षे जातात. मग उच्च न्यायालय एक दिवस तो खटला रद्द करते आणि तक्रार करणारा भाऊ म्हणतो, "या देशात न्याय नाही."

न्याय नाही असे नसते. त्याने जी तक्रार केली तो गुन्हा घडलेलाच नव्हता. जो घडला होता त्याची तक्रार त्याने केली नव्हती. म्हणून या अंकात आम्ही या एकाच विषयावर लिहीत आहोत. कायद्याच्या दृष्टीने "खोटा दस्तऐवज" कोणता, "बनावटीकरण" कशाला म्हणतात, आणि दुसऱ्याने केलेला बनावट कागद नुसता वापरणारा माणूस गुन्हेगार केव्हा ठरतो, हे तीन प्रश्न प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाला नीट कळले पाहिजेत. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी कारभारातील शब्दांचे अर्थ पक्के व्हावेत म्हणून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश करवून घेतला, त्या शहरात तरी कायद्याचे शब्द सैल वापरले जाऊ नयेत.

कागद खोटे बोलतो, की कागदच खोटा आहे?

सगळ्या विषयाची किल्ली या एका प्रश्नात आहे. कागदावर लिहिलेली गोष्ट असत्य असली म्हणून तो कागद कायद्याने खोटा दस्तऐवज होत नाही. कागद खोटा होतो तो स्वतःच्या जन्माविषयी खोटे सांगतो तेव्हा. म्हणजे ज्याने सही केलीच नाही त्याची सही त्यावर आहे असे तो दाखवतो, किंवा सही झाली तेव्हा जो मजकूर नव्हता तो होता असे दाखवतो.

सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबर २००९ रोजी महंमद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हे अगदी स्वच्छ मांडले. बिहारमधील एका माणसाची तक्रार होती की जमीन माझी, पण जिचा जमिनीशी काहीही संबंध नाही अशा व्यक्तीने २ जून २००३ रोजी त्या जमिनीच्या काही भागाची दोन नोंदणीकृत खरेदीखते दुसऱ्याला करून दिली. आरोपींत विकणारा होता, घेणारा होता, आणि साक्षीदार, दस्त लिहिणारा व स्टॅम्प विकणारा हेही होते. कलमे लावली होती फसवणुकीची, मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीकरणाची आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरल्याची. शिवाय मारहाण, अडवणूक आणि शिवीगाळ यांचीही होती.

न्यायालयाने विचारले, विकणाऱ्याने कोणाचे सोंग घेतले का? नाही. त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची सही केली. मूळ मालकाने मला अधिकार दिला आहे असे तो म्हणाला का? तेही नाही. जमीन माझी आहे, असे तो म्हणाला. ते म्हणणे खोटे असेल, पण दस्त ज्याने केला असे दिसते त्यानेच तो केला आहे. म्हणून तो "खोटा दस्तऐवज" नाही. खोटा दस्तऐवज नाही म्हणून बनावटीकरण नाही, आणि बनावटीकरण नाही म्हणून बनावट दस्तऐवज वापरल्याचा गुन्हाही नाही. एक वीट काढली की वरच्या दोन्ही आपोआप पडल्या. फसवणुकीचे कलमही टिकले नाही, कारण फसवला गेला असेल तर तो घेणारा, आणि त्याची तक्रार नव्हती. तक्रारदाराला कोणी काही भासवलेले नव्हते. मारहाणीचे आणि बाकीचे भाग मात्र न्यायालयाने पुढे चालू ठेवले.

याचा अर्थ अशा तक्रारदाराचे हक्क बुडाले असा नाही. जे ज्याच्या मालकीचे नाही ते त्याला विकता येत नाही. अशा दस्ताने खऱ्या मालकाची मालकी जात नाही. त्याचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा, पोलीस ठाण्याचा नव्हे, एवढेच.

एकाच घराची चार उदाहरणे

समजा, आजोबांच्या नावचे एक घर आहे. थोरला भाऊ बडोद्यात आहे, धाकटा बाहेरगावी आहे.

पहिले उदाहरण. थोरला सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाऊन "मी एकटाच मालक" असे लिहून सगळे घर विकतो आणि स्वतःची सही करतो. हे इब्राहिम खटल्यासारखेच झाले. दस्तातले विधान खोटे आहे, पण दस्त खोटा नाही. धाकट्याने आपल्या हिश्श्यापुरता हा दस्त मला बंधनकारक नाही असा दावा लावावा आणि पुढची विक्री थांबवण्यासाठी तातडीने मनाई हुकूम मागावा. पैसे देणाऱ्या खरेदीदाराला अंधारात ठेवले असेल तर फसवणुकीची तक्रार त्याची आहे.

दुसरे उदाहरण. थोरला एका तिऱ्हाइताला धाकटा भाऊ म्हणून उभा करतो. तो धाकट्याच्या नावाने सही-अंगठा करतो. आता कागद स्वतःच्या जन्माविषयी खोटे बोलू लागला. दुसऱ्याच्या नावाने, किंवा दुसऱ्याने न दिलेल्या अधिकाराने दस्त करणे हा खोट्या दस्तऐवजाचा पहिला प्रकार. धाकट्याने कधी न दिलेल्या कुलमुखत्यारपत्राचा आधार घेऊन सही केली तरी तेच.

तिसरे उदाहरण. धाकट्याने खरोखरच कुलमुखत्यारपत्र दिले होते, पण केवळ भाडे वसूल करण्यापुरते. थोरल्याने नंतर त्यात "तसेच विक्री करणे" एवढे तीन शब्द घुसवले. सही खरी, स्टॅम्प खरा, पण सहीनंतर महत्त्वाचा भाग बदलला. हा दुसरा प्रकार. सही करणारा जिवंत असो वा वारलेला असो, गुन्हा तोच.

चौथे उदाहरण. घरात वृद्ध आत्या आहेत, त्यांना नीट दिसत नाही. "विजेच्या मीटरचा अर्ज आहे" असे सांगून त्यांच्याकडून बक्षीसपत्रावर सही घेतली. सही त्यांचीच आणि मजकुरात खाडाखोडही नाही. पण आपण कशावर सही करतो आहोत हेच त्यांना माहीत नव्हते. अशी फसवून घेतलेली सही, किंवा नशेत वा भान नसलेल्या माणसाची सही, हा तिसरा प्रकार. आपल्या समाजात हा प्रकार फार होतो आणि घरची अब्रू म्हणून दडपला जातो, हे कटू सत्य लिहिल्यावाचून राहवत नाही.

या तीन प्रकारांच्या बाहेर खोटा दस्तऐवज नाही. यात एक बारकावा आहे. स्वतःच्या खऱ्या सहीनेही बनावटीकरण होऊ शकते. घर एकाला विकून झाल्यावर त्याला बुडवण्यासाठी दुसऱ्याच्या नावाने सहा महिने मागची तारीख घालून दस्त केला, तर सही आपली असूनही तो दस्त आपल्या जन्मतारखेविषयी खोटे बोलतो, म्हणून तो गुन्ह्यात येतो. असा मागच्या तारखेचा कागद पुष्कळदा स्टॅम्पच पकडून देतो. स्टॅम्पवर विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव असते, आणि दस्तावरच्या तारखेला तो स्टॅम्प विकलाच गेला नव्हता असे निघते.

खोट्या सहीपासून बनावटीकरणापर्यंत

सही दुसऱ्याची केली की गुन्हा झालाच, असेही नाही. त्यामागे अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. अप्रामाणिक म्हणजे कुणाची मालमत्ता बेकायदा मिळवणे किंवा घालवणे. कपट म्हणजे कुणाला भ्रमात ठेवून त्याचे नुकसान करणे. हा हेतू नसेल तर खोट्या दस्तऐवजाची पायरीच चढली जात नाही. त्यापुढे बनावटीकरण होण्यासाठी तो कागद कुणाला इजा पोहोचवण्यासाठी, एखादा हक्क वा दावा उभा करण्यासाठी, कुणाला मालमत्ता सोडायला किंवा करार करायला लावण्यासाठी, किंवा कपट साधण्यासाठी केलेला असावा लागतो.

डॉ. विमला विरुद्ध दिल्ली प्रशासन हा १९६२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावर आजही आधार म्हणून दाखवला जातो. या बाईंनी स्वतःच्या पैशाने मोटार घेतली, पण ती आपल्या तान्ह्या मुलीच्या, नलिनीच्या नावावर. विमाही त्याच नावावर. अपघातानंतर भरपाई मागताना कागदांवर त्यांनी "नलिनी" अशी सही केली. सही खोटी होती आणि विमा कंपनीला ती खरी वाटली, यात वाद नव्हता. पण मोटार त्यांचीच, हप्ते त्यांचेच, आणि अपघातही खरे. स्वतःच्या नावाने सही केली असती तरी तेवढीच भरपाई मिळाली असती. कंपनीचे काही गेले नाही, बाईंना जास्त काही मिळाले नाही. भ्रम होता, पण इजा नव्हती. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

म्हणून मुलाच्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या जागी काकांनी सही केली तर कोणी बनावटीकरणाच्या गप्पा मारू नयेत. पण याचा आधार घेऊन "भावाची सही मीच करतो, त्याला माहीत आहे" असे बँकेत करणाऱ्यांनीही सावध राहावे. भावाचे एका रुपयाचे नुकसान झाले की विमलाबाईंचा निकाल उपयोगी पडत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खोटा दस्तऐवज आता कलम ३३५ मध्ये आहे, जुने ४६४. बनावटीकरणाची व्याख्या आणि सर्वसाधारण शिक्षा ३३६ मध्ये. साध्या बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद, पण फसवणुकीसाठी ते केले असेल तर सात वर्षांपर्यंत. कलम ३३७ न्यायालयाचे दप्तर, सरकारी नोंदवह्या, मतदार ओळखपत्र आणि आधार कार्ड यांच्यासाठी आहे. मृत्युपत्र आणि खरेदीखतासारखा मौल्यवान दस्तऐवज कलम ३३८ मध्ये येतो, आणि तिथे शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमे लागतात, हे तक्रार लिहिताना विसरू नये.

कागद दुसऱ्याने केला, आपण फक्त दिला

आता तिसरा प्रश्न, आणि तरुणांनी नीट वाचावा असा. "मी कुठे बनावट केले? एजंटने दिले, मी फक्त जोडले." हा बचाव ऐकायला सोपा वाटतो. कलम ३४०, म्हणजे जुने ४७१, सांगते की बनावट आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, जो तो कागद कपटाने वा अप्रामाणिकपणे खरा म्हणून वापरतो, त्याला कागद स्वतः केल्यासारखीच शिक्षा.

"मानायला कारण असणे" म्हणजे नुसता संशय नव्हे, तसेच पक्की माहितीही नव्हे. आपल्यापुढे असलेल्या गोष्टी पाहून समंजस माणूस "हा कागद बनावट असणार" या निष्कर्षाला आला असता काय, ही कसोटी. परदेशी जाण्यासाठी एखाद्या मुलाने ज्या कंपनीत एक दिवसही काम केले नाही तिचे तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र विकत घेतले, तर "मला काय माहीत" असे त्याला म्हणता येणार नाही. केरळातील वैद्यकीय प्रवेशासाठी वापरलेल्या बनावट गुणपत्रिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हीच कसोटी समजावून सांगितली. तिथे मुलाबरोबर वडीलही आरोपी होते. मुलांसाठी कागद मिळवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही पाहू. एखाद्याने वकिलाकडून तीस वर्षांचा शोध करून घेतला, बाजारभावाने पैसे दिले, आणि नंतर कळले की मागच्या साखळीतला एक दस्त बनावट होता. तो खरेदीदार गुन्हेगार नाही. तोही फसवला गेलेला आहे. पण ज्या दिवशी खऱ्या मालकाची नोटीस पुराव्यासह त्याच्या हाती पडली, ठशांचा अहवाल समोर आला, त्या दिवसापासून त्याची स्थिती बदलते. त्यानंतर तोच दस्त दाखवून त्याने सिटी सर्व्हेत नाव चढवले किंवा बँकेतून कर्ज काढले, तर तो वापर जाणूनबुजून केलेला वापर ठरू शकतो. काल निर्दोष असलेला माणूस आज त्याच कागदाने दोषी होऊ शकतो. म्हणून बनावट दस्त उघडकीला आल्यावर पहिले काम आरडाओरडा नव्हे. ज्या ज्या हाती तो कागद आहे त्या प्रत्येकाला पुराव्यासह लेखी नोटीस देऊन पोच घेणे, हे पहिले काम.

वापराचे कलम वेगळे का मांडावे, हे शीला सेबॅस्टियन खटल्यावरून कळते. त्यात घरमालकिणीच्या नावाने एका तोतया बाईने कुलमुखत्यारपत्र करून दिले आणि ते ज्याच्या नावाने होते त्याने त्यावर गहाणखत केले. तोतया बाई कधी सापडलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की खोटा दस्तऐवज करण्याचा दोष ज्याने तो केला त्याच्यावरच लावता येतो, ज्याला फायदा झाला त्याच्यावर आपोआप नाही. आरोपी सुटले. तपासही ढिसाळ होता. तेव्हा कागद कोणी केला आणि कोणी वापरला, या दोन गोष्टी तक्रारीत वेगवेगळ्या, वेगवेगळ्या पुराव्याने मांडाव्या लागतात.

आपल्याकडे याचे जुने उदाहरण आहे. ताई महाराज प्रकरणात लोकमान्य टिळकांवर जे आरोप ठेवले गेले त्यांत खोटी साक्ष, बनावटीकरण आणि खोटा पुरावा वापरणे ही सुटी सुटी प्रकरणे होती. सरकारने आधी खोट्या साक्षीचा खटला चालवला. ऑगस्ट १९०३ मध्ये शिक्षा झाली, मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि मग उरलेले आरोप सरकारने सोडून दिले. कारण स्पष्ट होते. प्रत्येक आरोपाला स्वतःचे पाय लागतात.

दाखले, प्रतिज्ञापत्रे आणि आपण

हाच भेद राजकारणातही लावून पाहा. उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात आपली एक मालमत्ता लपवली, तर त्याने स्वतःच्या सहीने खोटे लिहिले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते बनावटीकरण नव्हे. जातीच्या दाखल्याचेही तसेच. खोटी माहिती देऊन खऱ्या अधिकाऱ्याकडून मिळवलेला दाखला आणि झेरॉक्सच्या दुकानात शिक्का मारून केलेला दाखला, हे दोन गुन्हे निराळे. पण पहिल्यात सूट आहे असे समजू नका. महाराष्ट्रातील फूड कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की दावा खोटा ठरला की त्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश जातो, हेतू वाईट होता का हे तिथे पाहिले जात नाही. हेतू लागतो तो तुरुंगात पाठवण्यासाठी.

शेवटी व्यवहाराचे. बनावट दस्ताचा संशय आला तर सब-रजिस्ट्रारकडून दस्ताची प्रमाणित नक्कल घ्या आणि नोंदणीच्या वेळचे फोटो व अंगठ्याचे ठसे पाहा. तोतया उभा केला असेल तर तिथे तो उघडा पडतो. हस्ताक्षरतज्ज्ञांच्या मतापेक्षा ठसा अधिक बोलतो. बनावट कागद न्यायालयात दाखल झाला म्हणून पोलिसांचे दार बंद होत नाही. इक्बालसिंग मारवाह खटल्यात घटनापीठाने २००५ मध्ये स्पष्ट केले की न्यायालयाची स्वतःची लेखी तक्रार तेव्हाच लागते, जेव्हा कागद न्यायालयाच्या ताब्यात असताना त्यात फेरफार झाला. घरी केलेला बनावट कागद नंतर तिथे सादर झाला असेल तर आपण तक्रार करू शकतो.

आणि तक्रार लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. सही करणारा तोच आहे का? सहीनंतर मजकूर बदलला का? आपण कशावर सही करतो हे त्याला कळत होते का? तिन्हींची उत्तरे कागदाच्या बाजूने गेली, तर पोलीस ठाण्याची पायरी न चढता दिवाणी वकिलाकडे जा. एक जरी उत्तर विरुद्ध गेले, तर कोणी केला आणि कोणी वापरला हे वेगळे मांडून तक्रार द्या, आणि मग मात्र घराच्या अब्रूखातर मागे हटू नका.